नोटिशीत ‘नाहीतर’ लिहिताना हात आवरा

*ताई, मी जिंतूरला शाळेवर आहे. 2021 च्या मार्चमध्ये संभाजीनगरला टू बीएचके बुक केला, माझ्या आन मिसेसच्या नावानं रजिस्टर्ड ॲग्रीमेंट झालंय. किंमत 32 लाख, त्यातले 27 लाख 20 हजार गेलेत, बहुतेक लोनचेच. ताबा 31 डिसेंबर 2023 ला द्यायचा होता. आता नोव्हेंबर 2025 चालू आहे, लिफ्ट बसली नाही, नळाचं कनेक्शन नाही. विचारलं की आधी दिवाळीनंतर म्हणायचे, आता संक्रांतीनंतर म्हणायलेत. वर म्हणे महारेरानं डेट वाढवून दिली आन मधी दुष्काळात पाणी नव्हतं. इकडं हप्ता बी चालू, भाडं बी चालू. एक मित्र म्हणला वकिलाची नोटीस दिल्याशिवाय ग्राहक कोर्ट केस घेतच नाही. नोटीस मी स्वतः लिहिली तर चालते का? कच्चं लिहून सोबत पाठवायलो, बघून सांगा.*

सर, तुमचा मित्र निम्मा बरोबर आहे. चेक बाउन्सच्या केसमध्ये नोटीस कायद्यानंच सक्तीची आहे, चेक परतल्याचं कळल्यापासून 30 दिवसांत पाठवायची, मग समोरच्याला 15 दिवस द्यायचे, आणि लोकांच्या डोक्यात तेच बसलंय, म्हणून प्रत्येक केसला आधी नोटीस लागतेच असं वाटतं. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये तक्रारीआधी नोटीस द्यायलाच पाहिजे असं कुठंही लिहिलेलं नाही. वकीलच पाहिजे असंही नाही, तुम्ही साध्या कागदावर स्वतः लिहून सही करून पाठवली तरी ती नोटीसच.

तरी पाठवा. कारण आयोगात फाईल उघडली की सगळ्यात आधी हेच बघितलं जातं, ग्राहकानं नेमकं काय मागितलं होतं, कधी मागितलं, आणि बिल्डरनं त्यावर काय केलं. नोटीस म्हणजे तुमच्या तक्रारीचं पहिलं पान समजा. तिच्यात जे लिहाल ते पुढं सहज बदलता येत नाही, आणि तुमचं कच्चं वाचून मला त्याचीच धास्ती वाटली.

पण त्याच्या आधी तारखेचं बोलू, ते जास्त घाईचं आहे. ग्राहक आयोगात तक्रार करायला कारण घडल्यापासून दोन वर्षं मिळतात, कलम 69. तुमचा ताबा 31 डिसेंबर 2023 ला ठरला होता, म्हणजे अगदी कडक हिशोब धरला तर या 31 डिसेंबरला दोन वर्षं भरतात. आता कुणीही वकील तुम्हाला सांगेल की ताबा दिलाच नाही तोवर कारण रोज नव्यानं घडत राहतं, आणि ते खरं आहे, ताबा न देणं हे चालू राहणारं कारण आहे असं सुप्रीम कोर्टानंही मानलंय, शिवाय उशीर झालाच तर योग्य कारण देऊन माफी मागायची सोयही आहे. पण फुकटचा वाद कशाला ओढवून घ्यायचा? बिल्डरच्या वकिलाला पहिल्याच तारखेला मुदतीचा मुद्दा काढायची संधी मिळाली की त्यावरच चार-सहा महिने जातात. आणि एक गैरसमज हमखास असतो तो काढून टाका. नोटीस पाठवल्यानं मुदत थांबत नाही, वाढत तर अजिबात नाही, आणि बिल्डरसोबत वर्षभर पत्रं-मेसेज चालू होते म्हणूनही वाढत नाही. त्यामुळं नोटीस याच आठवड्यात, तिच्यात 15 दिवसांची मुदत, आणि 20 डिसेंबरच्या आत तक्रार दाखल, असं डोक्यात ठेवा.

आता तुमचं कच्चं. तुम्ही लिहिलंय, ‘तुम्ही आमची 420 केलेली असून 15 दिवसांत ताबा द्यावा नाहीतर सर्व रक्कम परत करावी नाहीतर कायदेशीर कारवाई करण्यात येईल.’

एका वाक्यात दोन ‘नाहीतर’ आहेत आणि त्यातला पहिला तुम्हाला महागात पडू शकतो. माझ्याकडं काही वर्षांपूर्वी लातूरचं एक जोडपं आलं होतं, नोटीस त्यांनी आधीच कुणाकडून तरी लिहून पाठवली होती, त्यात असंच, ताबा द्या नाहीतर पैसे परत द्या. बिल्डर हुशार निघाला. दहाव्या दिवशी उत्तर आलं, तुमच्या मागणीनुसार रक्कम परत करत आहोत, सोबत चेक. चेक फक्त मुद्दलाचा, व्याज शून्य. आणि मधल्या तीन-साडेतीन वर्षांत त्याच स्कीममधल्या फ्लॅटचे भाव एवढे चढले होते की तोच फ्लॅट दुसऱ्याला विकून बिल्डरला फायदाच होता. बाई माझ्यासमोर बसून म्हणाल्या, आम्हाला घर पाहिजे होतं हो, आम्ही नुसतं भीती घालायला तसं लिहिलं. चेक वटवला नाही म्हणून केस वाचली, पण ‘आम्हाला ताबाच हवा आहे’ हे सिद्ध करत बसावं लागलं, आणि समोरचा वकील प्रत्येक वेळी तीच नोटीस पुढं करायचा.

म्हणजे काय, दोन पर्याय लिहून निवड बिल्डरच्या हातात द्यायची नाही. कायद्यानं निवड ग्राहकाची आहे. ताबा लांबला तर ग्राहक पैसे व्याजासह परत मागू शकतो किंवा फ्लॅट ठेवून उशिराची भरपाई मागू शकतो, बिल्डरनं त्याला सोयीचं ते गळ्यात मारायचं नसतं. तुमच्या बाबतीत बिल्डिंग उभी आहे, लिफ्ट आणि पाणी राहिलंय, म्हणजे काम संपायच्या टप्प्यावर आहे, आणि 2021 च्या भावात आज तिथं दुसरा फ्लॅट मिळणार नाही. अशा ठिकाणी मी ताबा आणि उशिराचं व्याज मागते. स्लॅबवरच काम अडकलं असतं, साईटवर मजूर दिसत नसते, बिल्डरवर दुसरीकडं देणी झालीयत असं ऐकू येत असतं, तर मी म्हणाले असते पैसे मागा आणि बाहेर पडा. हे ठरवायला साईटवर एकदा स्वतः जा, आठवड्यातल्या मधल्या दिवशी, रविवारी नको, आणि किती माणसं कामावर आहेत ते मोजा. त्यावर जे कळतं ते ऑफिसातल्या बाईंच्या ‘संक्रांतीनंतर’वरून कळत नाही.

आता आकडा. तुमच्या कच्च्यात ‘नुकसान भरपाई’ एवढंच आहे, किती ते नाही. बिनआकड्याची नोटीस बिल्डरचा मुनीम बाजूला ठेवून देतो. ॲग्रीमेंट काढा आणि उशीर झाल्यास बिल्डर काय देणार ते कलम शोधा. 2017 नंतर महाराष्ट्रात झालेल्या रेराच्या नमुन्यातल्या ॲग्रीमेंटमध्ये ते बहुतेक असतंच आणि दर स्टेट बँकेच्या सगळ्यात जास्त एमसीएलआरवर, म्हणजे बँकेनं कर्जासाठी ठरवलेल्या पायाभूत दरावर, दोन टक्के असा असतो, म्हणजे दहा टक्क्यांच्या वर जातो. ते कलम असेल तर तोच दर मागा, कारण तो बिल्डरनं स्वतः सही करून कबूल केलेला आहे. नसेल, किंवा त्यात प्रति चौरस फूट पाच रुपये वगैरे थट्टा केलेली असेल, तर घाबरू नका, एकतर्फी कलमं ग्राहकावर बंधनकारक नाहीत असं सुप्रीम कोर्टानं पायोनियर अर्बनच्या 2019 च्या निकालात सांगितलंय. तुम्ही पार्टी म्हणून कुठं एक हप्ता चुकवला तर तुमच्याकडून चढं व्याज आणि स्वतः दोन वर्षं उशीर केला तर पाच रुपये, हे आयोगाला पटत नाही.

समजायला सोपं म्हणून 9 टक्के धरून मांडते. 27 लाख 20 हजारांवर वर्षाचं व्याज 2,44,800, महिन्याला 20,400. जानेवारी 2024 ते ऑक्टोबर 2025 असे 22 महिने झाले, 22 गुणिले 20,400 म्हणजे 4,48,800. हा तुमचा आजचा आकडा, आणि पुढं ताबा मिळेपर्यंत महिन्याला 20,400 चालूच. यात मी गृहीत धरलंय की सगळे पैसे डिसेंबर 2023 च्या आधी गेलेत. एखादा हप्ता नंतर गेला असेल तर त्या रकमेचं व्याज ती दिल्याच्या तारखेपासून धरा, नाहीतर समोरचा तेवढीच चूक धरून सगळा हिशोब खोटा म्हणतो. ॲग्रीमेंटमध्ये सहा महिन्यांचा ग्रेस पिरियड लिहिलेला असू शकतो, बघा. असला तरी तो बहुतेक ठिकाणी ‘बिल्डरच्या नियंत्रणाबाहेरच्या कारणासाठी’ अशा अटीवर असतो, आपोआप मिळत नाही. म्हणून नोटिशीत तुम्ही मूळ तारखेपासूनच मोजा, ग्रेस हवा असेल तर कारण त्यानं सिद्ध करावं, आपण आपल्या हातानं सव्वा लाख सोडायचे नाहीत.

भाडं वेगळं मागावं का, हप्त्याचं व्याज वेगळं मागावं का, मानसिक त्रास वेगळा मागावा का, हे सगळे विचारतात. लिहायला लिहा, पण उशीर एकच आणि भरपाई चार नावांनी असं झालं की ते टिकत नाही, सुप्रीम कोर्टानं 2019 मध्येच एका पंचकुलाच्या केसमध्ये ते कापलंय. म्हणून मी मुख्य जोर व्याजावर ठेवते, भाड्याच्या पावत्या ‘बघा यांना खरंच किती सोसावं लागलं’ एवढ्यासाठी लावते, आणि त्रास व खर्चाचा एक माफक आकडा धरते. लोक त्रासाचे दहा लाख लिहितात आणि मग व्याजाचा खरा हिशोबही पोकळ वाटायला लागतो.

बिल्डरच्या दोन्ही सबबींना उत्तर नोटिशीतच देऊन टाका, त्यानं काढायची वाट बघू नका. महारेरानं डेट वाढवली म्हणजे प्रकल्पाची नोंदणी चालू राहिली, बिल्डरला काम करायला आणि विकायला परवानगी राहिली, एवढाच त्याचा अर्थ. तुमच्या ॲग्रीमेंटमधली तारीख त्यानं बदलत नाही. मुंबई हायकोर्टानं डिसेंबर 2017 मध्ये नीलकमल रिअल्टर्सच्या निकालात हेच सांगितलंय, की रेरा कायदा बिल्डर आणि ग्राहकात झालेला करार नव्यानं लिहून देत नाही. तुम्ही सही केलेली तारीख ती तारीख. तुम्ही स्वतः सही करून नवीन तारीख मान्य केली असेल तर गोष्ट वेगळी, म्हणून मधल्या काळात ‘सोसायटीचा फॉर्म आहे’ म्हणून कुठं सही घेतली होती का ते आठवा.

दुष्काळाचं जरा नीट घ्या, कारण ही सबब आपल्याकडं खोटीच असते असं नाही. 2016 ला लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, 2023 च्या ऑक्टोबर अखेर सरकारनं राज्यातल्या 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, आणि रेरा कायद्याच्या कलम 6 मध्ये नैसर्गिक कारणांच्या यादीत दुष्काळ हा शब्द स्पष्ट आहे. त्यामुळं ‘दुष्काळ नव्हताच’ असं लिहून तोंडावर पडू नका. विचारायचं असं, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत काम बंद होतं, आणि पाणी नसल्यामुळं नेमकं कोणतं काम अडलं. लिफ्ट बसवायला किती पाणी लागतं हो?

आणि खरी गंमत पुढं आहे. बिल्डरला दर तीन महिन्यांनी महारेराच्या साईटवर कामाची प्रगती टाकावी लागते, त्यात आर्किटेक्टचं सर्टिफिकेट असतं, फॉर्म 1 म्हणतात त्याला, कोणत्या बिल्डिंगचं कोणतं काम किती टक्के झालं ते लिहिलेलं. ॲग्रीमेंटवर महारेरा नोंदणी क्रमांक असेल, तो maharera.maharashtra.gov.in वर टाका आणि प्रकल्पाच्या पानावर जे जे दिसेल ते डाउनलोड करून प्रिंट काढा. ज्या महिन्यांत पाणी नव्हतं म्हणतोय त्याच महिन्यांत त्याच्याच आर्किटेक्टनं प्लास्टर 40 वरून 70 टक्के झालं असं लिहून दिलेलं असेल तर त्याची सबब तिथंच संपली. तुमच्याकडं आलेली डिमांड लेटर पण काढा, ‘पाचवा स्लॅब पूर्ण, रक्कम भरा’ वालीच. पैसे मागताना काम झालेलं असतं आणि ताबा मागितला की पाणी नसतं, हे दोन कागद शेजारी ठेवले की वेगळं काही बोलावं लागत नाही.

आता तुमच्या कच्च्यात जे नाहीच ते. उरलेले 4 लाख 80 हजार. तुमची रक्कम बाकी आहे आणि त्याबद्दल नोटिशीत एक अक्षर नाही, म्हणजे उत्तरात पहिलं वाक्य काय येणार ते मी आत्ता सांगते, ‘सदर ग्राहक स्वतःच थकबाकीदार आहे’. आणि त्याच्या मागोमाग बुकिंग रद्द करायची धमकी. म्हणून आधीच लिहा की उर्वरित रक्कम ॲग्रीमेंटनुसार ताब्याच्या वेळी द्यायला आम्ही तयार आहोत, लोनचा शेवटचा टप्पा बँकेकडं मंजूर आहे, भोगवटा प्रमाणपत्र दाखवा आणि रक्कम घ्या. अर्थात आधी कोणता टप्पा खरंच ड्यू होऊन थकलाय का ते पेमेंट शेड्यूलमध्ये तपासा, थकला असेल तर ते लपवू नका, माझ्याशी बोला.

आणखी एक वाक्य, फ्लॅट स्वतःला राहायला घेतलाय आणि यासाठीच लोन काढलंय. हे नसलं तर बिल्डर म्हणतो हे ग्राहकच नाहीत, गुंतवणूकदार आहेत, धंद्यासाठी घेतलं. एका शिक्षकाच्या एका फ्लॅटवर हे फार चालत नाही पण वाक्य फुकट आहे, टाका.

420 काढून टाका. फसवणूक, चोर, पोलिसात देऊ, पेपरला देऊ, सगळं. राग बरोबर आहे, पण आयोग सेवेतली त्रुटी बघतो, सेवेतली त्रुटी हाच शब्द वापरा, आणि गुन्ह्याची धमकी देऊन पैसे मागितले असं चित्र उभं करायची संधी समोरच्याला कशाला द्या.

तुमचं कच्चं मी थोडं पालटून देते, मधला भाग असा करा:

*‘आम्ही दोघांनी दि. ____ मार्च 2021 रोजीच्या नोंदणीकृत करारनाम्याने, दस्त क्र. ____, वरील सदनिका स्वतःच्या राहण्यासाठी 32,00,000 रुपयांस खरेदी केली. त्यापैकी 27,20,000 रुपये आपणांस मिळाले आहेत, तपशील सोबतच्या तक्त्यात आहे. करारनाम्याच्या कलम ____ प्रमाणे ताबा दि. 31 डिसेंबर 2023 पर्यंत देणे आपणांवर बंधनकारक होते. आजअखेर ताबा दिलेला नाही. भोगवटा प्रमाणपत्र प्राप्त झाल्याचे आपण कळवलेले नाही. महारेराकडे आपण घेतलेली मुदतवाढ आमच्या संमतीने नाही व ती आमच्यावर बंधनकारक नाही. पाणीटंचाईमुळे काम बंद असल्यास त्या कालावधीच्या तारखा व पुरावा द्यावा. आम्हाला सदनिकेचा ताबाच हवा आहे. ही नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांत भोगवटा प्रमाणपत्रासह ताबा द्यावा व दि. 1 जानेवारी 2024 पासून ताबा मिळेपर्यंत आम्ही दिलेल्या रकमेवर करारनाम्याच्या दराने व्याज, आजअखेर ____ रुपये, द्यावे. करारनाम्याप्रमाणे ताब्याच्या वेळी देय उर्वरित रक्कम देण्यास आम्ही तयार आहोत. पूर्तता न झाल्यास आम्ही जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात दाद मागू, त्याच्या खर्चाची जबाबदारी आपली राहील. रक्कम परत मागण्यासह कायद्याने असलेले आमचे इतर सर्व हक्क राखून ही नोटीस देत आहोत.’*

शेवटचं वाक्य बघा. पैसे परतीचा हक्क त्यात राखलाय पण बिल्डरला तो पर्याय म्हणून दिलेला नाही, उद्या काम खरंच बंद पडलं तर तुम्ही तिकडं वळू शकता. दस्त क्रमांक, कलम क्रमांक आणि व्याजाचा आकडा रिकामे ठेवलेत ते भरा, आणि ॲग्रीमेंटमध्ये दराचं कलम नसेल तर ‘करारनाम्याच्या दराने’ ऐवजी टक्के लिहा. तक्ता म्हणजे तारीख, रक्कम, चेक किंवा यूटीआर नंबर, पावती नंबर, बास, चार रकाने. रोख दिलेले काही असतील तर त्याची पावती असेल तरच धरा.

पाठवायची कुणाला, तर ॲग्रीमेंटच्या पहिल्या पानावर समोरच्या बाजूला जेवढी नावं आहेत तेवढ्यांना. फर्म असेल तर फर्म आणि तिचे भागीदार, आणि आपल्याकडं पुष्कळदा जमीन दुसऱ्याची असते, बिल्डरनं फक्त डेव्हलपमेंटला घेतलेली असते, तर तो जमीनमालकही. पत्त्यावरून फार केसेस लंगड्या होतात. साईट ऑफिसच्या पत्त्यावर पाठवलेलं पाकीट ‘लेफ्ट’ असा शेरा घेऊन परत येतं कारण ते पत्र्याचं ऑफिस उठलेलं असतं, आणि मग नोटीस पोचलीच नाही असं सांगायला तो मोकळा. ॲग्रीमेंटमधला पत्ता आणि महारेराच्या पानावरचा पत्ता वेगळे असतील तर दोन्हीकडं पाठवा. बरोबर पत्त्यावर पाठवून त्यानं घेतली नाही, ‘रिफ्यूज्ड’ असा शेरा आला, तर ती पोचली असंच धरतात, आणि ते पाकीट उघडायचं नाही, तसंच बंद ठेवायचं, आयोगासमोर तेच पुरावा असतं. घरात कुणाला तरी उत्सुकता असते आणि फोडून बघतात, म्हणून सांगते.

पोस्टात जुनी रजिस्टर्ड एडी आता स्पीड पोस्टातच विलीन झालीय, तेव्हा खिडकीवर स्पीड पोस्ट म्हणा आणि रजिस्ट्रेशन व पोचपावती हवी म्हणून सांगा. पावतीवरचा नंबर टाकून आठवड्याभरात ट्रॅकिंगचं पान काढून प्रिंट ठेवा, ते साईटवर कायम राहत नाही. ईमेल आणि व्हॉट्सॲपवर पण त्याच दिवशी पीडीएफ टाका, पण त्याच्यावरच विसंबू नका. आणि ज्या फोनवर ‘दिवाळीनंतर’चे मेसेज आहेत तो फोन पोरांना खेळायला देऊ नका, विकू तर नकाच, चॅट एक्सपोर्ट करून ठेवा, पुढं त्याला इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं सर्टिफिकेट जोडावं लागतं.

पाठवल्यावर बहुतेक काहीच होत नाही. पंधरा दिवस शांतता. ती तुमच्या फायद्याची आहे. उत्तर आलं तरी उत्तराला उत्तर, त्याला पुन्हा उत्तर, असं करत बसू नका, डिसेंबर त्यातच जाईल.

जपायचं ते तिसऱ्या प्रकाराला. फोन येतो, अगदी गोड, सर नोटीस कशाला पाठवली, आपण घरचेच, या, चाव्या घेऊन जा. गेल्यावर टेबलावर एक छापील कागद असतो, ‘सदनिका पाहून समाधानी आहोत, उशिराबाबत कोणतीही तक्रार अथवा मागणी नाही’. त्या कागदावर सही म्हणजे साडेचार लाख सोडल्याची सही. चाव्यांचा मोह होतो, मला समजतं, भाडं भरून माणूस वैतागलेला असतो. पण आधी विचारा भोगवटा प्रमाणपत्र कुठंय. ते नसलं तर तो कायद्यानं ताबाच नाही, वर महापालिकेचं नळ कनेक्शन अडतं, आणि तुमच्या पत्रात नळाचं नाही म्हणून जे लिहिलंय त्यावरून मला शंका आहे की ओसी, म्हणजे हेच प्रमाणपत्र, अजून आलेली नसणार. महापालिकेच्या नगररचना विभागात माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज टाकून ओसीसाठी अर्ज तरी केलाय का ते विचारून ठेवा. ओसी खरंच आली असेल आणि चाव्या घ्यायच्या असतील तर घ्या, पण पावतीवर स्वतःच्या हातानं लिहा, ‘उशिराच्या व्याजाचा हक्क राखून ताबा घेतला’, आणि फोटो काढून मगच कागद परत द्या. लिहू देत नाहीत म्हणाले तर त्याच दिवशी ईमेल.

तक्रारीसाठी संभाजीनगरच्या चकरा मारायची गरज नाही. नव्या कायद्यात ग्राहक जिथं राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, म्हणजे तुम्हाला परभणी. दिलेली रक्कम 50 लाखांच्या आत आहे म्हणून जिल्हा आयोगच, आणि 20 ते 50 लाखांच्या टप्प्याला फी 1,000 रुपये. ऑनलाईन e-jagriti.gov.in वर भरता येते. ॲग्रीमेंटमध्ये लवादाचं कलम दिसलं तर दचकू नका, त्यानं ग्राहक आयोगाचा रस्ता बंद होत नाही. रेराचाही होत नाही, पण एकाच मागणीसाठी दोन्हीकडं जायचं नाही, एक निवडा. नोटिशीत मी आयोगाचं नाव घातलंय ते म्हणूनच, तुम्हाला रेराला जायचं असेल तर पाठवायच्या आधी सांगा.

आणि तुमच्या कच्च्याखाली फक्त तुमची सही आहे. ॲग्रीमेंट दोघांच्या नावानं आहे ना, मग नोटीस दोघांची. मॅडमची सही घेतल्याशिवाय पाकीट बंद करू नका.